बाहेरून घेतलं, तर कोणता चेक थांबेल?

मोनोब्लॉक पंपात मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर बसवलेले असतात. शेतात विहिरीच्या काठावर घरघरणारा हा पंप बाहेरून साधा दिसतो, पण त्याचं आयुष्य बरंचसं त्या शाफ्टवर अवलंबून असतं. ईएन-८ जातीच्या पोलादाचा गोल बार कापायचा, लेथवर टर्निंग करायचं, इम्पेलरसाठी कीवे पाडायचा आणि शेवटी बेअरिंग बसायच्या जागा ग्राइंड करायच्या. बेअरिंगची जागा काही मायक्रॉन इकडेतिकडे झाली किंवा शाफ्टला किंचित बाक राहिला, तर सील गळायला लागतं आणि पंप दुरुस्तीला परत येतो.

कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगावपासून सांगलीकडच्या किर्लोस्करवाडीपर्यंतच्या पट्ट्यात असं काम करणारी छोटी-मोठी वर्कशॉप पुष्कळ आहेत. त्यामुळे पंप बनवणाऱ्याच्या टेबलावर केव्हा ना केव्हा एक कोटेशन येऊन पडतंच: ‘तुमचा शाफ्ट आम्ही करून देतो, पोहोच ५२० रुपये.’ तोच शाफ्ट स्वतःच्या कारखान्यात ६०० रुपयांना पडत असेल, तर मालकाची झोप उडते. ८० रुपये जास्त, वर्षाला १२,००० शाफ्ट, म्हणजे ९,६०,००० रुपये आपण उगाच घालवतोय की काय!

घालवतोय किंवा नाही, हे त्या दोन आकड्यांवरून ठरत नाही. का ठरत नाही, हे एका कारखान्याचा हिशेब मांडून पाहू. हा कारखाना आणि त्याचे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण अशी कॉस्ट शीट कुठल्याही पंपवाल्याकडे सापडेल.

एका शाफ्टमागे बारचे ३१० रुपये. मजुरी ९० रुपये, ती ठेकेदाराला नगावर दिली जाते. इन्सर्ट, कूलंट आणि जळालेल्या विजेची युनिटं मिळून ५० रुपये. इथपर्यंत झाले ४५०. त्यावर स्थिर ओव्हरहेडचे १५० रुपये, एकूण ६००. व्हेंडरचे ५२० रुपये जीएसटी सोडून आहेत. त्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो तुलनेत धरायचा नाही.

पहिल्या तीन आकड्यांबद्दल वाद नाही. शाफ्ट केला नाही तर बार विकत घ्यावा लागणार नाही, ठेकेदाराचं बिल येणार नाही, इन्सर्ट झिजणार नाहीत. वाद आहे तो १५० रुपयांचा. हा आकडा कारखान्यात कुठेच घडत नाही. वर्षभराचे १८,००,००० रुपये अकाउंट्स विभागाने १२,००० नगांवर पसरले, एवढाच त्याचा जन्म. शाफ्टची किंमत ठरवायला, साठ्याचं मूल्य काढायला तो योग्यच आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जे. एम. क्लार्क यांनी १९२३ मध्ये ओव्हरहेड खर्चांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला त्यांचा आग्रह असा की एकाच कारखान्याच्या खर्चाचा हिशेब, प्रश्न बदलला की बदलावा लागतो. ‘या शाफ्टवर आजवर किती खर्च होत आला?’ हा एक प्रश्न आहे. ‘उद्यापासून केला नाही तर किती वाचेल?’ हा दुसरा. कॉस्ट शीट पहिल्याचं उत्तर देते आणि आपण ते दुसऱ्यासाठी वापरतो, तिथे घोटाळा होतो.

हे ज्यांना कळलेलं असतं त्यांच्यातही एक उलटी चूक नेहमी दिसते. कॉलेजात कॉस्टिंग शिकलेला माणूस ठासून सांगतो की स्थिर खर्च काहीही केलं तरी होणारच, म्हणून तो निर्णयात धरायचाच नाही. त्याच्या हिशेबाने घरी केलेला शाफ्ट ४५० रुपयांचा, बाहेरचा ५२० चा. म्हणजे घरीच करा, वर्षाला ८,४०,००० रुपये वाचतात. एकाच कागदावरून खरेदीवाला म्हणतो साडेनऊ लाख फायदा, अकाउंटंट म्हणतो साडेआठ लाख तोटा. आणि दोघांनी गुणाकार बरोबर केलेला असतो.

खरं उत्तर या दोघांच्या मधे कुठेतरी असतं, कारण ‘स्थिर’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या जातींचे खर्च राहतात. स्थिर म्हणजे शाफ्ट दहा हजार केले काय नि बारा हजार केले काय, तो तेवढाच राहतो. पण शाफ्टचं कामच बंद केलं तर? तेव्हा त्यातले काही खर्च बंद होतात, काही होत नाहीत. पहिल्यांना टळणारे म्हणू, दुसऱ्यांना न टळणारे. ओळखायची कसोटी सोपी आहे: हे काम बंद केल्यावर नेमका कोणता चेक लिहायचा थांबेल, आणि कोणत्या तारखेपासून? याचं उत्तर देता आलं नाही, तर तो खर्च टळत नाही असं समजायचं.

आता ते १८ लाख उघडून बघू. शाफ्ट सेक्शनच्या सुपरवायझरचा वर्षाचा पगार, पीएफ-बोनससकट, ४,२०,०००. सेक्शनसाठी शेजारी भाड्याने घेतलेल्या शेडचे ३,००,०००. सीएनसी लेथ आणि ग्राइंडरच्या वार्षिक देखभाल कराराचे १,२०,०००. वीजबिलातला मागणी आकार ९०,०००. यंत्रांचा घसारा ३,६०,०००. आणि वर्क्स मॅनेजर, ऑफिस, वॉचमन, कारखान्याचा विमा यांतला शाफ्ट सेक्शनच्या वाट्याला घातलेला भाग ५,१०,०००. बेरीज १८ लाख.

शेवटचे ५,१०,००० लगेच बाजूला काढता येतात. शाफ्ट बंद झाला म्हणून वॉचमन तीन रात्री कमी येत नाही. एकत्र कुटुंबातला एक भाऊ वेगळा राहायला गेला तरी घराची पाणीपट्टी तेवढीच येते, उरलेल्यांच्या वाट्याला ती जास्त बसते, इतकंच. इथेही तसंच होतं आणि त्यातून एक वाईट खेळ सुरू होतो. शाफ्टवरचे ५,१०,००० आता पंपाच्या केसिंगवर आणि बाकीच्या भागांवर पसरले जातात. कॉस्ट शीटवर केसिंग अचानक महाग दिसायला लागतं. पुढच्या वर्षी कुणीतरी केसिंगचंही कोटेशन आणतो, तेही स्वस्त दिसतं, तेही बाहेर जातं. मग सगळा बोजा उरलेल्या दोन-तीन भागांवर. अशा कारखान्यात दर वर्षी ‘बचत’ होते आणि बँकेतली शिल्लक मात्र घटत जाते.

घसाऱ्याचे ३,६०,००० हेही टळत नाहीत. यंत्राचे पैसे देऊन झाले. घसारा ही त्या जुन्या खर्चाची वर्षावर्षाला केलेली नोंद आहे, त्यासाठी कुणाला चेक जात नाही. यंत्राची वहीतली किंमत १४ लाख उरली आहे म्हणून ‘इतकं महाग यंत्र पडून कसं राहू द्यायचं’ हा युक्तिवादही तेवढाच फोल. यंत्राबाबत विचारायचा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे थोड्या वेळाने येतो.

आता उरले पहिले चार खर्च. खरेदीवाला म्हणेल, हे चारही शाफ्ट सेक्शनचेच आहेत, म्हणजे टळणारे: ४,२०,०००, ३,००,०००, १,२०,००० आणि ९०,०००, मिळून ९,३०,०००. घरी करण्यातली बचत ८,४०,०००. तेव्हा बाहेरून घेतलेलं ९०,००० रुपयांनी बरं. कागदावर हे बरोबर आहे, आणि पहिल्या दोन्ही उत्तरांपेक्षा पुष्कळ शहाणपणाचं आहे. पण प्रत्येक ओळ कसोटीवर घासून पाहिली पाहिजे.

देखभाल कराराचं सोपं आहे. नूतनीकरणाची तारीख आली की करार पुढे न्यायचा नाही. शेडचंही तसं सोपं, पण दोन अटींवर. एक म्हणजे भाडेकरारात लॉक-इन असेल तर ते संपेपर्यंत भाडं जातच राहतं, म्हणजे पहिल्या वर्षाची बचत तीन लाख नाही, उरलेल्या महिन्यांपुरतीच. दुसरी अट माणसांच्या स्वभावाची. शेड रिकामी झाली की आठवडाभरात तिथे तयार पंपांची खोकी, जुने पॅटर्न, मोडकी टेबलं येऊन बसतात आणि मग ‘जागा लागतेच आहे’ म्हणून भाडं चालू राहतं. किल्ली मालकाच्या हातात परत देईपर्यंत ते तीन लाख वाचलेले नाहीत. आपल्या उदाहरणात शेड पूर्णपणे शाफ्टचीच आहे, लॉक-इन संपलेलं आहे, तेव्हा ती रक्कम धरू.

वीज थोडी फसवी आहे. औद्योगिक बिलात युनिटांचा आकार वेगळा आणि मागणी आकार वेगळा. तुम्ही केव्हाही किती केव्हीए ओढू शकाल, याची जी क्षमता वीज कंपनीने तुमच्यासाठी राखून ठेवली, तिचं हे भाडं. आपल्या हिशेबात लेथ आणि ग्राइंडरसाठी १५ केव्हीए, दरमहा केव्हीएमागे ५०० रुपये, म्हणून ९०,०००. यंत्रं बंद केली की युनिटं लगेच कमी होतात, मागणी आकार तसा होत नाही. बिलात धरली जाणारी मागणी मंजूर मागणीच्या ठराविक हिश्श्याखाली उतरत नाही आणि महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना तर मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च मागणीचाही हिशेब लागतो. म्हणजे मंजूर मागणी कमी करण्याचा अर्ज केला, तो मंजूर झाला, तरच हा चेक लहान होतो. अर्ज कुणी करायचा हे ठरलं नसेल तर ९०,००० रुपये कागदावरच वाचतात. आपण अर्ज करणार असं गृहीत धरू.

राहिला सुपरवायझर, आणि सगळं प्रकरण त्याच्यावर येऊन थांबतं. माणूस चांगला, बरीच वर्षं काम केलेला, मालक त्याला काढणार नाही. ‘त्याला असेंब्लीला घेऊ’ असं ठरतं. मग त्याचे ४,२०,००० टळले का? पगार चालूच आहे, म्हणून कडक उत्तर ‘नाही’ असं येईल. तसं असेल तर टळणारा खर्च उरतो ५,१०,००० आणि घरी करणं ३,३०,००० रुपयांनी स्वस्त ठरतं. पण जरा थांबा. असेंब्लीत खरोखर जागा रिकामी असेल आणि त्या जागेसाठी कारखाना बाहेरून माणूस घेणारच असेल, तर तो नवा पगार वाचतो. समजा तो माणूस वर्षाला ३,००,००० रुपयांत मिळाला असता. तर सुपरवायझरला तिकडे हलवल्यामुळे टळणारा खर्च ३,००,००० आहे. ४,२०,००० नाही आणि शून्यही नाही.

हा मुद्दा पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकला जातो. प्रत्यक्षात निर्णय इथेच फिरतो, कारण ‘असेंब्लीत जागा आहे’ हे वाक्य बोलायला फार सोपं असतं. खरोखर जागा असेल तर त्यासाठी जाहिरात दिलेली असेल, मुलाखती चालू असतील, निदान मागच्या सहा महिन्यांत त्या विभागाने ओव्हरटाइम केलेला असेल. यांतलं काहीच नसेल तर सुपरवायझर नुसताच एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. आपल्या उदाहरणात जागा खरी आहे असं मानू.

हीच गोष्ट मजुरीलाही लागू पडते. या कारखान्यात मजुरी नगावर आहे म्हणून ९० रुपये सरळ टळतात. ऑपरेटर महिन्याच्या पगारावर कायम असते, तर कॉस्ट शीटवर ‘बदलता खर्च’ म्हणून छापलेले ते ९० रुपयेही आपोआप टळले नसते. आणि कामगारकपात करायची तर कायद्याने पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. ती या निर्णयामुळेच उद्भवते, म्हणून ती बाहेरून घेण्याच्या खर्चात जाते. ग्रॅच्युइटी मात्र त्यात धरायची नाही. ती आज ना उद्या द्यायचीच होती, फक्त तारीख अलीकडे आली. हिशेबात या दोन रकमा बहुतेक वेळा एकत्र ढकललेल्या दिसतात.

आता नवी बेरीज: सुपरवायझरच्या बदलीतून ३,००,०००, शेड ३,००,०००, देखभाल १,२०,०००, मागणी आकार ९०,०००. एकूण टळणारा स्थिर खर्च ८,१०,०००, नगामागे साडेसदुसष्ट रुपये. म्हणजे या निर्णयापुरता घरच्या शाफ्टचा खर्च ५१७ रुपये ५० पैसे, व्हेंडरचा ५२० रुपये. सहाशे नि पाचशेवीसमधली जी ८० रुपयांची दरी होती, ती उलट दिशेने अडीच रुपयांवर आली. वर्षाला ३०,००० रुपयांनी घरी करणं बरं.

दोन गोष्टी अजून राहिल्या. पहिली, यंत्र. वहीतले १४ लाख विसरायचे, पण यंत्राला बाजारात आज किती येतील हे विसरून चालत नाही. समजा आज विकलं तर ६,००,००० येतात आणि आणखी चार वर्षं वापरून विकलं तर २,००,०००. म्हणजे घरी काम चालू ठेवण्यासाठी आपण चार वर्षांत चार लाख सोडून देतो, सरळ भागाकाराने वर्षाला १,००,०००. त्या सहा लाखांनी बँकेची कॅश क्रेडिट उतरली असती तर वाचणारं व्याज आणखी वेगळं. घसाऱ्याचे ३,६०,००० खोटे आणि हे १,००,००० खरे, हा फरक पुष्कळ मालकांना पटायला वेळ लागतो. दुसरी गोष्ट, बाहेरून आलेला माल तपासावा लागतो. ग्राइंड केलेल्या जागांची मापं, बाक, कीवेची रुंदी. या तपासणीला नगामागे ५ रुपये धरू, वर्षाला ६०,०००.

घरी करण्यातली बचत आता नगामागे ७० ऐवजी ७५ रुपये झाली, १२,००० नगांवर ९,००,०००. काम बंद केल्याने टळणारं सगळं मिळून ९,१०,०००. फरक उरला दहा हजारांचा, बाहेरून घेण्याच्या बाजूने, आणि वर थोडं व्याज. लाखो रुपयांच्या हिशेबात याला बरोबरीच म्हणायचं. व्हेंडरने भाव एक रुपयाने वाढवला तरी पारडं दुसरीकडे झुकतं.

बरोबरी झाली म्हणून हिशेब वाया गेला असं नाही. या मांडणीतून जी गोष्ट कळते ती ६०० विरुद्ध ५२० मधून कधीच कळली नसती: उत्तर नगसंख्येवर अवलंबून आहे. घरी केलेला प्रत्येक शाफ्ट ७५ रुपये वाचवतो, पण ते काम चालू ठेवण्यासाठी आधी ९,१०,००० रुपये मोजावे लागतात. ९,१०,००० भागिले ७५ म्हणजे साधारण १२,१३०. वर्षाला याहून जास्त शाफ्ट लागणार असतील तर घरी करा, कमी लागणार असतील तर बाहेरून घ्या. पंपाचा धंदा पावसावर, शेतमालाच्या भावावर, वीजजोडण्यांवर हेलकावे खातो. मागणी ९,००० वर आली तर बाहेरून घेणारा २,३५,००० रुपयांनी पुढे राहील. ती १६,००० वर गेली आणि तेवढे नग त्याच यंत्रावर त्याच पाळीत बसले, तर घरी करणारा २,९०,००० रुपयांनी. दुसरी पाळी लावावी लागली तर तिचा सुपरवायझर, तिचा ठेका हे नवे खर्च येतात आणि हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तेव्हा मालकाने भावाची घासाघीस करण्याआधी विक्रीवाल्याला बोलावून पुढच्या तीन वर्षांचा खरा अंदाज विचारावा. पाच रुपये कमी करून मिळवण्यापेक्षा तो अंदाज जास्त मोलाचा आहे.

कोटेशनची मुदतही बघायला हवी. पोलाद महागलं तर घरचे ३१० रुपये वाढतात. व्हेंडरच्या करारात बारच्या भावाप्रमाणे दर बदलण्याची अट असेल तर त्याचेही ५२० वाढतील आणि फरक तसाच राहील. दर वर्षभर पक्का असेल तर तो फरक बाहेरून घेण्याच्या बाजूला जातो. पहिल्या ऑर्डरसाठी दिलेला खास भाव असेल तर मात्र लेथ विकल्यानंतरच्या वर्षी तो व्हेंडर काय मागेल, याची कल्पना केलेली बरी.

असं जवळजवळ बरोबरीचं उत्तर आलं की बहुतेक कारखान्यांत मधला मार्ग काढला जातो, आणि तोच सर्वांत महाग पडतो. एक मधला मार्ग म्हणजे थोडे शाफ्ट घरी, थोडे बाहेरून. समजा ८,००० घरी केले, ४,००० घेतले. सेक्शन चालूच आहे, म्हणून शेड सुटली नाही, सुपरवायझर हलला नाही, देखभाल करार चालू, मंजूर मागणी तेवढीच. स्थिर खर्चातला एक रुपयाही टळला नाही आणि बाहेरून घेतलेल्या प्रत्येक शाफ्टवर ७५ रुपये जास्त गेले. ४,००० नगांवर ३,००,००० रुपयांचं नुकसान. घरची क्षमता पुरत नसेल तर बाहेरून घेणं वेगळं. ‘दोन्हीकडे पाय असू दे’ म्हणून घेणं तीन लाखांचं आहे.

दुसरा मधला मार्ग म्हणजे सगळे शाफ्ट बाहेरून घ्यायचे, पण लेथवर ताडपत्री टाकून ते ‘असू दे, अडीनडीला’ म्हणून ठेवायचं. मग यंत्र विकून येणारे पैसे आले नाहीत, वर्षाचे १,००,००० टळले नाहीत, आणि बाहेरून घेणं घरी करण्यापेक्षा ९०,००० रुपयांनी महाग झालं. ते यंत्र ज्या शेडमध्ये उभं आहे ती शेडही परत देता येणार नाही, म्हणजे आणखी तीन लाख. पुरवठा तुटण्याची धास्ती खरी असेल तर तिच्यासाठी काही किंमत मोजायला हरकत नाही, पण ती किंमत जवळपास चार लाख रुपये आहे हे माहीत असून मोजावी. त्यापेक्षा दुसरा एखादा व्हेंडर मंजूर करून ठेवणं किंवा महिनाभराचे शाफ्ट साठ्यात ठेवणं स्वस्त पडतं का, हे आधी बघावं.

माझं मत विचाराल तर या उदाहरणातल्या मालकाने यंदा शाफ्ट घरीच करावेत. दहा-वीस हजारांसाठी लेथ विकायचा आणि ग्राइंडिंगवर हात बसलेली माणसं घालवायची, तर मागणी वाढल्यावर ती परत उभी करायचा खर्च या हिशेबात कुठेच धरलेला नाही. लागोपाठ दोन हंगाम मागणी दहा हजारांच्या खाली राहिली तर मात्र रेंगाळू नये. तेव्हा शेडची किल्ली, लेथ आणि वीज कंपनीकडचा अर्ज, तिन्ही एकाच महिन्यात मार्गी लावावीत.

तुमच्या कारखान्यात असा एखादा भाग मागेच बाहेर गेला असेल, तर निर्णय बरोबर होता की नाही हे अजूनही तपासता येतं. नगाचा भाव बघू नका. काम बंद करण्याआधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने यांची खतावणी शेजारी शेजारी ठेवा आणि पगार, भाडं, देखभाल, वीज ही चार खाती वाचा. जेवढी रक्कम टळणार म्हणून त्या वेळी सांगितली होती तेवढी त्या चार खात्यांत मिळून कमी झालेली दिसली पाहिजे. दिसत नसेल, तर कोणता चेक अजून लिहिला जातोय ते शोधून तो आधी थांबवा.